पार्श्वभूमी: ‘स्नायू’ शब्दाचा गुंता आणि मुरगळलेला घोटा

सिंहगडाच्या पायवाटेने उतरताना सुट्या खड्यांवर पाय घसरला आणि घोटा आतल्या बाजूला वळला, की पुण्यातल्या एकाच घरात त्याचे तीन प्रकारे वर्णन होते. आजी म्हणते की शीर दुखावली, वडील म्हणतात की स्नायू दुखावला, आणि दवाखान्यात जाऊन आलेली मुलगी म्हणते की लिगामेंटला मार लागला आहे. मुलीचे म्हणणे बरोबर आहे. बाकी दोघांची चूक मात्र आजची नाही. ती शब्दांच्या फार जुन्या सरमिसळीतून आलेली आहे आणि उपचाराच्या काही चुकाही तिच्याच पोटी जन्मल्या आहेत.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातल्या स्नायूंची संख्या ९०० सांगितली आहे आणि मांसपेशी वेगळ्या, ५०० मोजल्या आहेत. म्हणजे तिथला ‘स्नायू’ हे मांस नव्हे. सांधे बांधून ठेवणारा चिवट, तंतुमय भाग असा त्याचा अर्थ आहे. अनेक बंधनांनी आवळलेल्या फळ्यांची नाव जशी पाण्यावर भार पेलते, तसे स्नायूंनी सांध्यांत बांधलेले शरीर भार पेलते, असा दृष्टान्तही तिथे दिला आहे. मात्र याच स्नायूंचे चार प्रकार पाडताना त्यांतल्या गोल प्रकाराला ‘कंडरा’ म्हटले आहे. आज ज्यांना आपण टेंडन आणि लिगामेंट म्हणतो ते दोन्ही भाग अशा रीतीने एकाच छत्राखाली आले, आणि त्यांना वेगळे काढण्याची गरज त्या वर्गीकरणाला वाटली नाही.

पुढे हा शब्द भाषाभाषांत वाटला गेला. मराठीत स्नायू म्हणजे आकुंचन पावणारे मांस झाले. बंगालीत तोच शब्द मेंदूकडून निरोप नेणाऱ्या चेतातंतूसाठी रूढ आहे, आणि हिंदीत ‘स्नायुतंत्र’ असे लिहिलेले दिसले तर तिथे मज्जासंस्था अभिप्रेत असते. मराठी वाचक हिंदी लेख वाचताना इथेच हमखास फसतो. असा घोळ फक्त आपल्याकडेच झाला असे मानण्याचे कारण नाही. ग्रीक भाषेतला ‘न्यूरॉन’ हा शब्द आधी दोरीसारख्या चिवट तंतूसाठी, अगदी धनुष्याच्या दोरीसाठीही वापरला जाई, आणि नंतर तो चेतातंतूला चिकटला. पांढऱ्या, दोरीसारख्या दिसणाऱ्या या दोन गोष्टी एकच समजल्या गेल्यामुळे तुटलेल्या कंडरेला टाका घातला तर रुग्णाला झटके येतील ही भीती युरोपातल्या वैद्यकात अनेक शतके टिकून होती.

बोली मराठीने हा प्रश्न ‘शीर’ या एकाच शब्दाने मिटवून टाकला. रक्तवाहिनी शीर, चेता शीर, आणि टाचेमागची जाड दोरी ही जुन्या मराठीत धोंडशीर. छापील मराठीत टेंडनसाठी कंडरा, स्नायुबंध आणि स्नायुरज्जू, तर लिगामेंटसाठी अस्थिबंध, अस्थिरज्जू आणि संधिबंध असे शब्द सापडतात. प्रस्तुत लेखकाच्या मते ‘स्नायुबंध’ टाळलेलाच बरा, कारण ‘बंध’ आणि ‘रज्जू’ दोन्हीकडे आले की वाचकाच्या हाती काहीच राहत नाही. या टिपणात टेंडनला कंडरा आणि लिगामेंटला अस्थिबंध म्हटले आहे.

फरक कामाचा आहे. कंडरा मांसाला हाडाशी जोडते आणि मांसाने काढलेली ओढ हाडापर्यंत पोहोचवते. म्हणून तिचे कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे धागे जवळजवळ एकाच दिशेने, सुताच्या लडीसारखे लावलेले असतात. अस्थिबंध हाडाला हाडाशी बांधतो आणि सांधा मर्यादेबाहेर वळू देत नाही. ताण निरनिराळ्या दिशांनी येणार असल्यामुळे त्याच्या धाग्यांची मांडणी थोडी तिरपी, विणल्यासारखी असते. अस्थिबंध स्वतः काही ओढत नाही, तो फक्त अडवतो. यावरून एक साधी परीक्षा निघते. रुग्णाने स्वतः पाय वळवायचा आणि तपासणाऱ्याने तो तसाच अडवून धरायचा, म्हणजे सांधा हलत नाही पण मांस ओढ घेते. तेव्हा दुखले तर संशय मांसावर किंवा कंडरेवर जातो. उलट रुग्णाने पाय सैल सोडल्यावर तपासणाऱ्याने तो हळूच आतल्या बाजूला वळवला आणि तेव्हा बाहेरच्या बाजूला कळ आली, तर अस्थिबंधाचा संशय बळावतो. ताज्या, सुजलेल्या घोट्यात मात्र दोन्ही परीक्षा दुखतात, म्हणून पहिल्या दिवशीच्या निष्कर्षावर फार विसंबता येत नाही.

उतारावरच घोटा का मुरगळतो, याचे उत्तर हाडाच्या आकारात आहे. घोट्याच्या खोबणीत बसणारे हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद असते. चवडा खाली झुकला की अरुंद भाग खोबणीत येतो, सांधा थोडा सैल होतो, आणि त्याच वेळी बाहेरच्या बाजूचा पुढचा अस्थिबंध ताणलेला असतो. जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर लांबीचा हा अस्थिबंध बाहेरच्या तिघांपैकी सर्वांत दुबळा असल्यामुळे तोच आधी फाटतो. पायाला बाहेर खेचणारे स्नायू आणि त्यांच्या कंडरा घोट्यामागून जातात खऱ्या, पण त्यांची प्रतिक्रिया पुरेशी उमटेपर्यंत पाय बहुधा वळून झालेला असतो.

आता दुरुस्ती संथ का होते ते पाहू. अस्थिबंधात पेशी थोड्या असतात, रक्तवाहिन्या विरळ असतात, आणि त्याचा बहुतेक भाग पेशींनी पूर्वी कधीतरी विणून ठेवलेले कोलॅजेन असते. त्यातले नूतनीकरण किती मंद असू शकते याचा एक विलक्षण पुरावा त्याच्या भावंडाकडून, म्हणजे टाचेमागच्या कंडरेकडून मिळाला. १९५० आणि १९६० च्या दशकांत वातावरणात झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतले किरणोत्सारी कार्बन वाढले आणि नंतर ते हळूहळू उतरत गेले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅनिश अभ्यासात या खुणेवरून कंडरेच्या गाभ्याचे वय काढले गेले, तेव्हा तो गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होऊन पुढे जवळजवळ तसाच राहतो असे दिसले.

फाटलेल्या जागी म्हणूनच मूळचे कापड पुन्हा विणले जात नाही, ठिगळ बसते. पहिले काही दिवस रक्ताची गाठ, सूज आणि साफसफाई चालते. त्यानंतर साधारण सहा आठवड्यांपर्यंत पेशी घाईघाईने बारीक, अस्ताव्यस्त धाग्यांचे कोलॅजेन टाकतात. ते जाड होऊन ताणाच्या दिशेने लागायला अनेक महिने, कित्येकदा वर्षाहून अधिक काळ जातो, आणि प्राण्यांच्या गुडघ्यांवरील प्रयोगांत वर्षानंतरही मूळची ताकद पूर्णपणे परतलेली आढळली नाही. वेदना मात्र सूज उतरल्यावर, काही आठवड्यांतच जाते. दुखणे थांबले तेव्हा ठिगळ अजून कच्चेच असते, आणि पुन्हा मुरगळण्याच्या पुष्कळ घटना याच दरीत घडतात.

या दरीत पायाला विश्रांती द्यावी की हालचाल, हा वाद गेल्या अर्धशतकाचा आहे. १९७८ मध्ये एका अमेरिकन क्रीडावैद्याने विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे या चार गोष्टींचे सूत्र दिले. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते ‘राइस’ म्हणून जगभर गाजले आणि आपल्याकडच्या शाळांच्या मैदानांवरही पोहोचले. २०१४ मध्ये त्याच वैद्याने बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे भरून येणे लांबू शकते असे लिहून स्वतःच्या सूत्राचे दोन खांब काढून घेतले. बर्फाने पहिल्या काही तासांत वेदना कमी होते, एवढा त्याचा उपयोग आजही कोणी नाकारत नाही. त्याआधीच, २०१२ च्या सुमारास, ‘विश्रांती’च्या जागी ‘योग्य तेवढा भार’ हे शब्द आले, आणि २०१९ च्या सूत्रात बर्फाला जागाच उरली नाही.

हालचालीचा पक्ष जिंकला असे यावरून वाटेल, आणि मोठ्या प्रमाणात ते खरेही आहे, कारण ठिगळातल्या धाग्यांना दिशा ताणातूनच कळते. पण २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली एक ब्रिटिश चाचणी इथे नेहमी गैरसोयीची ठरते. तीत पायावर भार देता न येणारे, तीव्र मुरगळलेले ५८४ रुग्ण होते. दहा दिवस गुडघ्याखाली प्लास्टर घातलेले रुग्ण नुसती नळीसारखी पट्टी बांधलेल्यांपेक्षा तीन महिन्यांच्या टप्प्यावर बरे होते; नऊ महिन्यांनंतर मात्र दोघांत फरक उरला नाही. आधी थोडा काळ आधार आणि मग हालचाल, असा याचा अर्थ लावता येतो. महिना-महिना प्लास्टरमध्ये ठेवण्याच्या जुन्या पद्धतीला त्याने पाठबळ मिळत नाही, तसे चोळून ‘शीर जागेवर बसवण्या’लाही नाही. आंबेहळदीचा लेप लावण्यात फारसे बिघडत नाही. ताज्या, फाटलेल्या अस्थिबंधावर जोराने चोळण्यात मात्र बिघडते, कारण रक्तस्राव आणि सूज वाढते.

नमुन्यादाखल कोथरूडच्या ३४ वर्षांच्या एका बाईंचे प्रकरण कल्पून पाहू. गडावरून उतरताना उजवा घोटा आत वळला आणि तासाभरात बाहेरच्या बाजूला अंड्याएवढी सूज आली. त्या लंगडत का होईना चार पावले टाकू शकत होत्या. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर, खालच्या टोकापासून सहा सेंटिमीटरपर्यंत दाबल्यावर दुखले नाही, तसेच करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या कडेला येणाऱ्या उंचवट्यावर आणि पावलाच्या आतल्या बाजूच्या हाडावरही नाही. १९९२ मध्ये कॅनडात मांडलेल्या नियमांनुसार अशा वेळी हाड मोडण्याची शक्यता फार कमी असते आणि एक्स-रे टाळता येतो. चार पावले पडली नसती किंवा यांपैकी एका जागी दुखले असते, तर एक्स-रे आवश्यक ठरला असता.

पाचव्या दिवशी, सूज उतरू लागल्यावर, टाच धरून पाऊल पुढे ओढून पाहिले. दुसऱ्या पायाच्या तुलनेत ते थोडे जास्त सरकले, पण शेवटी अडले. अस्थिबंध अर्धवट फाटला होता. घोट्याला बाजूने आधार देणारा पट्टा घालून त्यांनी लगेच चालायला सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यात त्या घरातले जिने सरळ उतरू लागल्या आणि सहाव्या आठवड्यात दुखणे संपले. त्याच दिवशी डोळे मिटून डाव्या पायावर उभे राहण्यास सांगितले तेव्हा त्या अर्धा मिनिट स्थिर राहिल्या. उजव्यावर चार सेकंदांत तोल गेला. अस्थिबंधातच सांध्याच्या स्थितीची जाणीव मेंदूला देणारे चेतांत असतात आणि फाटताना तेही दुखावतात. पुढचे दोन महिने स्वयंपाकघरातल्या ओट्याशी, हात टेकवता येईल इतक्या अंतरावर, एका पायावर उभे राहण्याचा सराव रोज चालला. तळजाईच्या टेकडीवर त्या तिसऱ्या महिन्यात गेल्या, आणि सिंहगडावर चौथ्या महिन्यात, पट्टा घालून. उतरताना मात्र त्यांनी गाडी घेतली.