चौकटीच्या कडेला टेकलेलं कोपर

वाईजवळ मेणवलीच्या घाटावर काढलेला आमचा एक घरगुती फोटो आहे. कृष्णेच्या पाण्यात उतरणाऱ्या काळ्या दगडी पायऱ्या, त्यांवर उभी मंडळी आणि उजव्या कडेतून आत घुसलेलं कुणा अनोळखी माणसाचं निळ्या बाहीचं कोपर. फोटो ६००० × ४००० पिक्सेलचा, आणि कोपर कडेपासून ५२० पिक्सेल आत आलेलं. ते काढायचे तीन मार्ग होते: कड कापून टाकणं, शेजारचा भाग क्लोन करून वर बसवणं, किंवा तो तुकडा एआयवर चालणाऱ्या जनरेटिव्ह साधनाकडून नव्याने घडवून घेणं.

कापणं सर्वात प्रामाणिक, कारण त्यात खोटा पिक्सेल एकही येत नाही. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धेतही क्रॉप चालतो, वस्तू पुसणं चालत नाही. म्हणून आधी मी हाच हिशेब मांडला. उजवीकडून ५२० पिक्सेल गेले तर रुंदी ५४८० उरते आणि ३:२ चं प्रमाण राखायला उंची ३६५३ करावी लागते. इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर १८ × १२ इंची प्रिंटला ५४०० × ३६०० लागतात. म्हणजे प्रिंट निघते. पण आत्याचा खांदा ५४०० व्या पिक्सेलवर होता. कापल्यावर तिच्या बाजूला जेमतेम ८० पिक्सेल उरत होते, आणि ती भिंतीला चेपून उभी असल्यासारखी दिसत होती. कापणं इथेच बाद झालं.

मग फोटोशॉपमधला डाग पुसायचा हीलिंग ब्रश का नाही? तो काय करतो हे कळलं की कडेची अडचण उलगडते. २००३ मध्ये पेरेझ, गांन्ये आणि ब्लेक यांनी पॉयसनच्या समीकरणावर आधारलेली एक पद्धत मांडली. दुसरीकडून उचललेल्या तुकड्याचा पोत तसाच ठेवायचा, मात्र त्याचा रंग-उजेड भोवतालच्या सीमेशी जुळेल असा आतपर्यंत पसरवत न्यायचा. हीलिंगचं काम याच विचाराने समजून घेता येतं. चित्राच्या मधोमध डाग असेल, तर ही सीमा चारी बाजूंनी मिळते. कडेला टेकलेल्या वस्तूला तीनच बाजू असतात, कोपऱ्यात तर दोनच. चौकटीबाहेर कोणता रंग होता ते चित्राला माहीतच नसतं. त्यातून पुसायच्या भागाची निवड जरा अपुरी पडून निळ्या बाहीची एक रेघ जरी बाहेर राहिली, तर तो निळा रंगच सीमा समजला जातो आणि दगडावर निळसर धुरकट फराटा उमटतो.

म्हणून कडेला साधा क्लोन स्टॅम्प बरा. तो रंग मिसळत नाही, जसंच्या तसं उचलून ठेवतो. मी त्याच पायरीची धार पकडली, डावीकडे साधारण ६०० पिक्सेलवरून नमुना घेतला आणि धारेवर धार टेकवत थेट चौकटीच्या कडेपर्यंत नेली. वरच्या किंवा खालच्या पायरीवरून घेतलं असतं, तर उजेड आणि उतार दोन्ही बदलले असते. नमुन्यात चुन्याचा एक पांढरा डाग होता. तो दोनदा दिसला, की नजर लगेच अडकते. म्हणून कड बसवून झाल्यावर दुसरा डाग हीलिंगने पुसला. आता त्या डागाला चारही बाजूंनी दगड होता, त्यामुळे फराटा आला नाही.

उरला तो कोपराखालचा तुकडा, जिथे शेवटची पायरी पाण्यात बुडते. तसा भाग फोटोत दुसरीकडे कुठेच नव्हता, आणि मागचा-पुढचा फोटोही काढलेला नव्हता. असता तर मी त्यातूनच तुकडा घेतला असता, कारण तोच खरा पुरावा. नव्याने घडवण्याची वेळ मी इथेच मानतो: मागे काय होतं ते चित्रात सापडत नाही, आणि तिथे थोडा फरक पडला तरी कुणाबद्दल खोटं सांगितलं जात नाही. पाण्याची लाट चालेल. आत्याची बोटं झाकली गेली असती, तर मी ती घडवली नसती.

पहिल्या प्रयत्नात साधनाने पायरीवर एक पिशवी काढून ठेवली! कारण कोपर निवडलं होतं, पण त्याची सावली निवडीबाहेर राहिली होती. आसपासच्या खुणांशी जुळेल असं चित्र घडवणं हे या साधनांचं काम, आणि सावली दिसली की ती पाडणारी वस्तूही आणली जाते. सावलीसकट, भोवती थोडी जागा सोडून निवड केली, तेव्हा नुसतं पाणी आलं.

तुकडा लहान ठेवण्यालाही कारण आहे. फोटोशॉपमध्ये २०२३ साली जनरेटिव्ह फिल आलं, तेव्हा एका वेळी घडणारा भाग १०२४ × १०२४ पिक्सेलपुरता होता. त्याहून मोठी निवड केली, की तोच ताणून बसवला जाई आणि शेजारच्या करकरीत दगडापुढे मऊ दिसे. माझा तुकडा ३०० × ४०० चा होता, तरी फोटोतला रव्यासारखा बारीक दाणेदारपणा त्यात नव्हता. तो वेगळा मिसळावा लागला.

तपासायला मी वर एक कर्व्ह्जचा थर टाकून कॉन्ट्रास्ट भरमसाट वाढवते. नेहमीच्या उजेडात न दिसणारे जोड त्यात ठिगळासारखे वर येतात. पायऱ्यांवर काही दिसलं नाही. पाण्याच्या कडेला एक फिकट पट्टा दिसला, तो मी मऊ ब्रशने दोन वेळा गडद केला, थर काढला आणि प्रिंटला दिला.