ओव्हनचे 350 अंश आणि आपला कुकर

परदेशी केक मिक्सच्या बॉक्सचा फोटो घरच्या ग्रुपवर येतो आणि लगेच कोणीतरी विचारतं, 'ओव्हन नाही, कुकरला किती शिट्ट्या काढू?' एकही नाही. दाबाखाली पिठातले बुडबुडे दबून राहतात, आणि वाफ सोडताच ते एकदम फुगून फुटतात. केक मध्येच बसतो.

फोटो मोठा करून आधी अंशांपुढचं अक्षर पाहा. अमेरिकन बॉक्सवरचे 350 फॅरनहाइट म्हणजे सुमारे 177 सेल्सिअस. वाफ तर 100 अंशांचीच असते, मग वेळ दुप्पट लागायला हवा ना? तसं होत नाही. 180 अंशांच्या ओव्हनमध्ये हात क्षणभर घातला तर नुसती धग लागते, पण कुकरच्या वाफेने लगेच भाजतं. एक ग्रॅम हवा 80 अंशांनी निवली तर जेमतेम 80 ज्यूल उष्णता देते. एक ग्रॅम वाफ थंड भांड्यावर पाणी होताना सुमारे 2,260 ज्यूल देते, तेही स्वतःचं तापमान न घटवता. म्हणून डबा वाफेत झपाट्याने तापतो. तिथून पुढे मात्र उष्णता पिठातून हळूहळूच आत सरकते, त्यामुळे वेळ ठरतो तो मुख्यतः पिठाच्या जाडीवर.

म्हणून जाडी बॉक्सवरच्याइतकीच ठेवायची. समजा, 432 ग्रॅमच्या बॉक्सवर 3 अंडी, 240 मिली पाणी, 120 मिली तेल, 8 इंची दोन डबे आणि 30 ते 35 मिनिटं असं लिहिलंय. 5 लिटरच्या कुकरमध्ये 6 इंची डबा सहज बसतो. त्याचं क्षेत्रफळ 8 इंचीच्या निम्म्याहून थोडं जास्त, म्हणजे एका डब्यासाठी 120 ग्रॅम मिक्स, एक लहान अंडं, 65 मिली पाणी आणि दोन मोठे चमचे तेल पुरतं.

कुकरमध्ये जाळीच्या खाली राहील इतकं पाणी उकळा. पीठ भरलेल्या डब्यावर फॉइल घट्ट बसवा, नाहीतर झाकणावरचं पाणी केकवर ठिबकून वरचा थर चिकट होतो. झाकण लावा, शिट्टी काढून ठेवा. मध्यम आचेवर नळीतून वाफ सतत येत राहिली पाहिजे. ती थांबली तर पाणी संपलंय. 30 मिनिटांनी सुरी टोचून पाहा. ओलं पीठ चिकटलं तर आणखी पाच ते दहा मिनिटं द्या.

कुकर कोरडा तापवून तळाशी मीठ पसरण्याचा उपायही सांगितला जातो. मिठामुळे केक फुगतो हा गैरसमज आहे. मीठ फक्त उष्णता सारखी पसरवतं. कोरड्या कुकरमध्ये रबर जळतं आणि झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वितळू शकतो. कोरडंच भाजायचं असेल तर जाड कढई आणि साधं झाकण घ्या.

वाफेतल्या केकला तपकिरी कड येत नाही, कारण रंग यायला पृष्ठभाग साधारण 140 अंशांच्या वर जावा लागतो. ती कड हवी असेल तर केक पूर्ण निवल्यावर काप करून लोण्यावर तव्यात परता.