‘सध्याची टक्केवारी’ आणि ‘जमा गुण’: कोर्सचा शेवटचा ग्रेड कुठून कुठपर्यंत जाऊ शकतो

अमेरिकेत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सेमिस्टरच्या मध्यावर कॅनव्हास या विद्यापीठाच्या ऑनलाइन प्रणालीच्या Grades पानावर ८१.६४% असा आकडा दिसतो. तो पाहून बहुतेक जण समजतात की आपले ८१ गुण झाले आणि आता पुढे भरच पडणार. प्रत्यक्षात त्याचे जमा गुण ३८ असू शकतात. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. ८१.६४ सांगतो की जे तपासून झाले त्यात कामगिरी कशी होती. ३८ सांगतो की शंभरापैकी किती गुण कायमचे पदरात पडले. सर्वात वाईट आणि सर्वात चांगला शेवट काढायचा तर दुसऱ्या आकड्यापासूनच सुरुवात करावी लागते.

एक कोर्स घेऊ. सिलॅबसमध्ये होमवर्कला २०%, क्विझना १०%, मिडटर्मला २५%, प्रोजेक्टला १५% आणि फायनलला ३०% वेटेज आहे. होमवर्क एकूण आठ, सगळी सारख्या गुणांची. त्यातली पाच तपासून झाली आणि सरासरी ९२ आली. क्विझ सगळ्या संपल्या, सरासरी ८०. मिडटर्ममध्ये ७४. प्रोजेक्ट आणि फायनल व्हायचे आहेत.

आधी प्रत्येक तपासलेल्या कामाला त्याच्या वाट्याचेच वेटेज द्यायचे. आठ होमवर्कना मिळून २०, म्हणजे एकाला २.५. पाच झाली, म्हणजे १२.५ वेटेज वापरले गेले आणि त्याचे ९२% म्हणजे ११.५ गुण जमा. क्विझचे १० पैकी ८, मिडटर्मचे २५ पैकी १८.५. बेरीज ३८, तीही ४७.५ वेटेजमधून. शिल्लक वेटेज ५२.५: तीन होमवर्कचे ७.५, प्रोजेक्टचे १५, फायनलचे ३०.

पुढे सगळीकडे शून्य मिळाले तर शेवट ३८. सगळीकडे पूर्ण गुण मिळाले तर ३८ + ५२.५ = ९०.५. या दोन टोकांमधले अंतर शिल्लक वेटेजइतकेच यायला हवे. तसे आले नाही तर एखादे काम दोनदा धरले गेले आहे किंवा सुटले आहे.

आता ८१.६४ कुठून आले ते पाहू. कॅनव्हास वेटेज गटाला देतो, एकेका कामाला नाही. होमवर्कच्या गटात पाचच कामे तपासलेली असली तरी तो गटाची सरासरी ९२ धरून तिला पूर्ण २० वेटेज देतो. मग १८.४ + ८ + १८.५ = ४४.९, आणि तपासलेल्या गटांचे वेटेज ५५ म्हणून ४४.९ भागिले ५५. प्रोजेक्ट आणि फायनलचे गट रिकामे असल्याने हिशेबातच येत नाहीत. कामागणिक वेटेज धरले तर खरी सरासरी ३८ भागिले ४७.५, म्हणजे बरोबर ८०% आहे. दीड टक्क्याचा हा फरक होमवर्कमुळे पडला. होमवर्कमध्ये गुण चांगले होते आणि त्यालाच वाट्याहून जास्त वजन मिळाले.

हा फरक किरकोळ नाही. समजा सिलॅबसमध्ये ८० ला B-, ८३ ला B आणि ९० ला A- आहे. ८१.६४ पाहणाऱ्याला वाटते की हाच वेग ठेवला तरी B- च्या बरेच वर राहू. पण उरलेल्या प्रत्येक कामात ८०% मिळाले तर तो नेमका ८० वर, रेषेवर येतो. एखादा ग्रेड मिळायला उरलेल्या कामांत सरासरी किती लागेल, हे काढायचे तर त्या ग्रेडच्या गुणांतून ३८ वजा करायचे आणि ५२.५ ने भागायचे. B साठी ४५ भागिले ५२.५, म्हणजे ८५.७%. A- साठी ५२ भागिले ५२.५, म्हणजे ९९%. कागदावर शक्य आहे, पण त्यावर भिस्त ठेवू नये.

त्याच पानावर Calculate based only on graded assignments असा चौकोन असतो. त्यातली खूण काढली की कॅनव्हास न तपासलेल्या कामांना शून्य धरतो, आणि आपल्या उदाहरणात ३८ दाखवायला हवा. मात्र तो तसा दाखवतो ते प्राध्यापकांनी सगळी कामे आधीच कॅनव्हासवर टाकलेली असतील तरच. फायनल अजून टाकली नसेल तर तिचा गट पूर्ण रिकामा राहतो, उरलेले ७० वेटेज ताणून शंभर केले जाते आणि आकडा येतो ५४.२९. तो सर्वात वाईट शेवट मुळीच नाही. म्हणून खूण काढण्याआधी सिलॅबसमधले प्रत्येक काम यादीत दिसते का, ते मोजून घ्या.

सर्वात चांगल्या शेवटाची चूक बहुतेक वेळा एका छोट्या आडव्या रेघेपाशी होते. यादीत गुणांच्या जागी रेघ असेल तर तिचे दोन अर्थ असू शकतात: कामाची मुदत अजून बाकी आहे, किंवा मुदत उलटली आणि काम जमाच केले नाही. उशिरा काम घेणार नाही असे सिलॅबस म्हणत असेल तर दुसऱ्या प्रकारची रेघ ही शिल्लक संधी नाही, ते शून्यच आहे. वरच्या तीन होमवर्कपैकी एक असे निघाले तर वरचे टोक ९०.५ वरून ८८ वर येते आणि A- संपतो. पानावरच्या टक्केवारीत याची काहीच खूण दिसत नाही, कारण रेघ तिच्यात धरलेलीच नसते.

सिलॅबसचे काही नियम मात्र टोकेच हलवतात. सर्वात कमी गुणांचे एक होमवर्क वगळणार असतील तर सातच मोजली जातात. उरलेली तीन शून्य आली तरी त्यातले एक वगळले जाते, म्हणून पाचांची बेरीज ४६० भागिले ७०० होते आणि होमवर्कचे १३.१४ गुण येतात. खालचे टोक ३९.६४ होते. झालेल्या पाचांत सर्वात कमी ८० असतील तर वरच्या टोकाला ते वगळले जातात: ६८० भागिले ७००, म्हणजे १९.४३ गुण आणि शेवट ९०.९३. इथे दोन टोकांतले अंतर शिल्लक वेटेजइतके येत नाही, तेव्हा मघाची पडताळणी लावू नका.

फायनलचे गुण मिडटर्मपेक्षा जास्त आले तर तेच मिडटर्मला धरणार, असाही नियम काही कोर्सेसमध्ये असतो. मग मिडटर्म तपासून झाली तरी वरच्या टोकासाठी ती उघडीच आहे: १८.५ ऐवजी २५ धरायचे आणि ९०.५ चे ९७ होतात. खालचे टोक तिथेच राहते. उलट, फायनलमध्ये पास होणे सक्तीचे असेल तर एकूण बेरीज कितीही असो, फायनलमध्ये नापास झाल्यास कोर्सही नापास. अशा वेळी खालचे टोक आकड्यात सांगता येत नाही.

हा हिशेब कोर्समधून विथड्रॉ करण्याच्या शेवटच्या तारखेआधी करावा. B साठी ८५.७% लागतात हे तेव्हा कळले तर निर्णय हातात असतो. F-1 व्हिसावर असाल आणि कोर्स सोडल्याने पूर्णवेळ क्रेडिट्स कमी पडणार असतील, तर सोडण्याआधी विद्यापीठातल्या डीएसओंची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसाचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांची, मंजुरी घ्यावी लागते, सोडल्यावर नाही.