फिफोची खोली

दोन वेगळ्या क्लॉकवर चालणाऱ्या सर्किटांमध्ये डेटा आल्या क्रमाने पुढे देणारी साठवण म्हणजे फिफो. लिहिणारी बाजू वेगात पण थांबून थांबून, आणि वाचणारी संथ पण सलग चालत असेल, तर बर्स्ट B शब्दांचा, लिहिण्याचा वेग W आणि वाचण्याचा R धरून किमान खोली, म्हणजे फिफोत किती शब्द मावायला हवेत ती संख्या, अशी निघते:

`D = B − B × R / W`

वाद सूत्राचा नाही, B चा आहे. लिहिणारा 100 मेगाहर्ट्झवर चालतो, दर 100 क्लॉकमध्ये 80 शब्द देतो आणि वाचणारा 80 मेगाहर्ट्झवर प्रत्येक क्लॉकला एक शब्द उचलतो असे समजा. 80 शब्द 800 नॅनोसेकंदांत येतात, तेवढ्यात 64 वाचले जातात, खोली 16. पण एका शंभरीतले 80 शब्द शेवटी आणि पुढच्या शंभरीतले सुरुवातीला आले, तर सलग 160 येतात आणि खोली 32 लागते. दादरला दोन लोकल एकदम लागल्या की पुलावर जे होते, तेच. ‘दर 100’ म्हणजे कुठूनही मोजलेले 100 असा अर्थ घेणारे 16 वरच थांबतात. त्या वाचनात तेही बरोबर आहे. विनिर्देशात खुलासा नसेल, तर 32 धरणे अधिक सुरक्षित.

लिहिणे-वाचणे कुठल्या जागेपर्यंत आले हे दाखवणारा पॉइंटर दुसऱ्या क्लॉकमध्ये नेताना, दर पावलाला एकच बिट बदलणारा ग्रे कोड वापरतात. त्याचे पेटंट बेल लॅब्जच्या फ्रँक ग्रे यांना 1953 मध्ये मिळाले, तरी तसा क्रम बोदो यांच्या तारयंत्रात 1870 च्या दशकातच होता असे मानले जाते. पॉइंटर पलीकडे दोन-तीन क्लॉक उशिरा दिसतो. तीन क्लॉक धरले, तर वाचन सुरू होण्याआधी सुमारे 4 शब्द जास्त साचतात आणि रिकाम्या झालेल्या सुमारे 3 जागा लिहिणाऱ्याला भरलेल्याच वाटतात. 32 चे 39 होतात. ग्रे कोडची सोपी रचना दोनच्या घाताची खोली मागते, म्हणून 64.

वरच्या उदाहरणात सरासरी वेग दोन्हीकडे नेमका सारखा आहे, आणि खरी मेख तिथेच आहे. दोन स्वतंत्र क्रिस्टल मिळून दहा लाखांत 100 ने चुकले आणि वाचणारा मागे पडला, तर सेकंदाला 8,000 शब्द साचतात. उरलेल्या 25 जागा साधारण 3 मिलिसेकंदांत संपतात. मग खोली कितीही वाढवली, तरी ओसंडणे फक्त लांबते. वाचणारा थोडा वेगवान हवा, नाहीतर लिहिणाऱ्याला थांबवता यायला हवे. काही मायक्रोसेकंदांच्या सिम्युलेशनमध्ये हे दिसत नाही. बोर्डावर मात्र आतापर्यंतची सर्वाधिक भरती नोंदवणारा रजिस्टर ठेवला, तर त्यातला आकडा 39 च्या आसपास स्थिरावतो की हळूहळू चढत जातो, यावरून दोष ओळखता येतो.