सप्तमातले 36 बिंदू आणि शुक्राचे 2

पत्रिकेच्या सप्तम स्थानात "किती बिंदू आहेत" या प्रश्नाची दोन उत्तरं असतात, आणि घोटाळा बहुतेक वेळा तिथेच होतो. बिंदू म्हणजे अष्टकवर्ग पद्धतीत प्रत्येक ग्रह आणि लग्न स्वतःपासूनच्या ठरावीक राशींना देतात तो शुभ गुण. एक आकडा सर्वाष्टकवर्गाचा, साधारण विशी-तिशीतला. दुसरा शुक्राच्या भिन्नाष्टकवर्गाचा, एकअंकी. सर्वाष्टकवर्गात सातही ग्रहांच्या तक्त्यांची बेरीज असते, म्हणून तो आकडा त्या स्थानाला एकूण किती आधार आहे ते सांगतो. जोडीदार, त्याची माणसं, व्यवहारातला भागीदार, सगळं त्यात आलं. शुक्राचा आकडा फक्त शुक्राच्या विषयाचा असतो: ओढ, गोडवा, सहवासातलं सुख. पहिला मोठा असला म्हणून दुसरा मोठा असेलच असं नाही.

एक पत्रिका मांडून पाहू. मेष लग्न, म्हणजे सप्तमात तूळ. रवी, मंगळ आणि बुध मकरेत, चंद्र वृषभेत, गुरू धनूत, शुक्र वृश्चिकेत, शनी कर्केत. प्रत्येक ग्रहापासून तूळ कितवी येते ते मोजायचं, ज्या राशीत ग्रह आहे ती पहिली धरून. मकरेपासून तूळ दहावी येते. तिथून सातही तक्त्यांत मिळून रवी 5, मंगळ 6 आणि बुध 5 बिंदू देतो. चंद्रापासून ती सहावी, 5 बिंदू. शुक्रापासून बारावी, 3. गुरूपासून अकरावी, पूर्ण 7. शनीपासून चौथी, 4. लग्नापासून सातवी, फक्त 1. बेरीज 36, म्हणजे भरभक्कम.

आता शुक्राचा तक्ता घ्या. गुरूपासून अकराव्याला एक बिंदू, शनीपासून चौथ्याला एक. बाकी रवी, चंद्र, मंगळ, बुध, खुद्द शुक्र आणि लग्न यांपैकी कोणीच तुळेला बिंदू देत नाही. आठांपैकी 2. त्याच तुळेत बुधाच्या तक्त्यात मात्र 5 आहेत. अशी पत्रिका धंद्यातल्या भागीदारीसाठी विचारली तर उत्तर आश्वासक आहे. विवाहासाठी विचारली तर संसाराला आधार भरपूर, पण जवळीक आपोआप येणारी नाही, असं वाचावं लागतं. नुसता 36 पाहून "उत्तम" म्हणणारा यातला निम्मा भाग सोडून देतो.

तुलना कशाशी करायची, हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सर्वाष्टकवर्गात एकूण 337 बिंदू, भागिले 12 म्हणजे सरासरी 28, म्हणून 28 च्या खाली गेलं की सप्तम दुबळं ठरवून मोकळे होतात. पण लग्न सर्व स्थानांना सारखं देत नाही. त्याच्या 45 बिंदूंपैकी लाभस्थानाला, म्हणजे अकराव्याला, 7 मिळतात आणि सप्तमाला अवघा 1, तोही गुरूच्या तक्त्यातला. ग्रह आहेत तिथेच ठेवून बाराही लग्नं धरून पाहिलं तर सप्तमाची सरासरी 25 च्या जरा वर येते आणि लाभाची 31 च्या वर. म्हणून सप्तमात 26 असतील तर ते कमी नव्हेत. स्थानागणिक वेगळे अंक देणाऱ्या एका जुन्या यादीत सप्तमाला 19 च धरले आहेत, ते उगीच नव्हे.

शुक्राच्या बाबतीत हे आणखी ठळक आहे. त्याच्या तक्त्यात कोणताही ग्रह, आणि लग्नही, स्वतःपासून सातव्या राशीला बिंदू देत नाही. त्यामुळे सप्तमात शुक्राचे 8 बिंदू कधीच होत नाहीत, आणि लग्नात जितके ग्रह बसतील तितक्यांची देणगी आधीच बाद होते. इथे सरासरी 3.7 च्या आसपास येते. म्हणजे 4 बिंदू चांगलेच म्हणायचे.

वाचताना दोन चुका नेहमी होतात. काही परंपरांत रेखा शुभ आणि बिंदू अशुभ, तर काहींत बिंदूच शुभ. तक्ता कोणत्या पद्धतीचा आहे हे सर्वाष्टकवर्गाच्या बेरजेवरून चटकन लक्षात येत नाही, कारण शुभ 337 आणि अशुभ 335. त्यासाठी शुक्राच्या बारा राशींची बेरीज करा. 52 आली तर शुभ मोजलेत, 44 आली तर अशुभ. दुसरी चूक शोधनाची, म्हणजे ठरावीक नियमांनी बिंदू वजा करण्याची. त्रिकोण आणि एकाधिपत्य शोधनानंतरचे अंक बरेच लहान होतात आणि ते वेगळ्या कामाचे आहेत. शुक्राची बेरीज 52 किंवा 44 यांपैकी काहीच येत नसेल, तर शोधनानंतरचा तक्ता हातात आहे का, हे आधी तपासा.

लग्न राशीच्या अगदी कडेला असेल तर जन्मवेळेची खात्री झाल्याशिवाय दोन्ही आकडे बाजूला ठेवावेत. लग्नराशी बदलली की सप्तमाची राशीच बदलते. वरच्या पत्रिकेत लग्न मीन निघालं तर पाहायची कन्या, आणि हिशेब पहिल्यापासून.