स्लाइडवरून लेक्चर व्हिडिओ करून घेताय? पीपीटी पाठवायच्या आधी हे वाचा

सर, मॅडम, आमच्याकडे ज्या पीपीटी येतात त्यातल्या बऱ्याचशा वर्गातल्या प्रोजेक्टरसाठी केलेल्या असतात, तिथे त्या चालतातही, पण तुमचा एफवायचा मुलगा तोच व्हिडिओ बसमध्ये मोबाईलवर बघणार असतो आणि सगळा घोळ तिथे होतो.

साधा हिशोब सांगतो. पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड साडेसात इंच उंच असते, म्हणजे ५४० पॉइंट. मोबाईल आडवा धरला तर चित्राची उंची साधारण पावणेसात सेंटीमीटर भरते, म्हणजे २८ पॉइंटचं अक्षर तिथे साडेतीन मिलीमीटरचं होतं, पेपरातल्या मजकुराएवढं, निवांत वाचता येतं. १८ पॉइंटचं होतं सव्वादोन मिलीमीटर, आणि पोरं मोबाईल उभाच धरतात तेव्हा तर जेमतेम सव्वा, मग वेलांटी पहिली की दुसरी ते देवालाच माहीत. म्हणून २८ च्या खाली जाऊ नका, मराठी मजकुराला ओळींमधलं अंतर १.२ तरी ठेवा नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला धडकतो, आणि स्लाइडचा खालचा साधारण सहावा भाग मोकळा सोडा कारण तिथे सबटायटल आणि प्लेअरची पट्टी येते. खात्री करायची असेल तर एक स्लाइड फोटो म्हणून सेव्ह करून स्वतःला व्हॉट्सॲप करा आणि मोबाईल उभा धरून, झूम न करता वाचून बघा. चष्मा पुढे-मागे करावा लागला तर मजकूर जास्त झालाय.

आता एक खरं उदाहरण. कॉमर्सच्या एका मॅडमनी घसाऱ्याची स्लाइड पाठवली होती, वर व्याख्या, मधे सूत्र, खाली तीन वर्षांचं पूर्ण टेबल, सगळं एकदम समोर, आणि त्यावर चार मिनिटं बोलणं. मॅडम पहिलं वर्ष समजावत होत्या तेव्हा पोरांना तिसऱ्या वर्षाचं उत्तर आधीच दिसत होतं, मग डोकं कोण चालवणार! आम्ही व्याख्या काढली (ती मॅडम तोंडानं सांगतातच) आणि फक्त टेबल ठेवलं. मशीन १,००,००० रुपयांचं, रिड्युसिंग बॅलन्सनं १० टक्के. पहिली ओळ क्लिकवर येते, घसारा १०,०००, शिल्लक ९०,०००. मग नुसता प्रश्न, "दुसऱ्या वर्षी किती?" आणि १० सेकंद शांतता. मॅडमना ते फार लांब वाटलं, "अहो, व्हिडिओ अडकलाय असं वाटेल" म्हणाल्या, पण पोरं दीडपट स्पीडला बघतात, त्यांना ते पावणेसात सेकंदच मिळतात. जो १०,००० लिहून बसलाय त्याला मग ९,००० दिसलं की आपली चूक कळते, टक्के मूळ किमतीवर नाही तर शिल्लक ९०,००० वर काढायचे. शिल्लक ८१,०००, मग तिसऱ्या वर्षी ८,१०० आणि शिल्लक ७२,९००. तिथे प्रश्न नको, एव्हाना लक्षात आलेलं असतं, पटकन पुढे जा.

ओळी एकेक आणायला `Animations` मधलं साधं `Appear` वापरा, गोल फिरत येणारं काही नको प्लीज.

आता रेकॉर्डिंग, इथे सगळ्यांचंच एकदा तरी चुकतं. पॉवरपॉइंट आवाज प्रत्येक स्लाइडला वेगळा साठवतं आणि एका स्लाइडवरून दुसरीवर जात असताना काहीच रेकॉर्ड करत नाही. बोलता बोलता क्लिक केलं की "आता आपण" मधलं "आता" गायब, आणि ते एडिटिंगमध्येही परत येत नाही कारण ते फाइलमध्ये नसतंच. वाक्य संपवा, क्लिक करा, एक श्वास घ्या, मग बोला. एकाच स्लाइडवर `Appear` नं ओळी आणताना मात्र हा त्रास नाही, बोलणं चालू ठेवलं तरी चालतं. या वेगळ्या साठवणीचा फायदाही आहे म्हणा, सातव्या स्लाइडला खोकला आला तर फक्त सातवी पुन्हा रेकॉर्ड करा.

लांबीचं विचाराल तर एका व्हिडिओत एकच मुद्दा, सहा मिनिटांच्या आसपास. ईडीएक्सवरच्या कोर्सेसचा २०१४ मधला अभ्यास आहे, त्यात व्हिडिओ कितीही लांब असला तरी पोरं साधारण सहा मिनिटंच टिकत होती. ५० मिनिटांचा तास आला तर आम्ही त्याचे तुकडे पाडतो, पण कुठे तोडायचं ते तुम्ही सांगा, अकाउंट्स आम्हाला येत नाही.

व्हिडिओ स्वतःच काढणार असाल तर `File > Export > Create a Video` मध्ये `Full HD (1080p)` आणि `Use Recorded Timings and Narrations` निवडलंय ना ते बघा, नाहीतर आवाज येतच नाही आणि प्रत्येक स्लाइड पाच सेकंदांत सरकते.

आम्हाला मात्र व्हिडिओ नको, `.pptx` फाइल पाठवा, आणि आधी सगळी नको, पहिल्या दोन स्लाइड रेकॉर्ड करून पाठवा. पंख्याचा आवाज येतोय का ते ऐकून फोन करतो, मग बाकीच्या करा.