मूतखड्याचं रक्त आणि न दुखता गेलेलं रक्त

गेल्या उन्हाळ्यात एकाच आठवड्यात माझ्याकडे दोन पेशंट आले. एक पस्तिशीचा ट्रॅक्टरवाला. रात्री दोनला कंबरेतून जांघेत कळ उतरत गेली, उलट्या झाल्या, आणि लघवी लालसर. बिचारा एका जागी बसू शकत नव्हता. दुसरे गूळ मार्केटमधले एकसष्ट वर्षांचे काका. त्यांना चार महिन्यांपूर्वी एकदा कोकम सरबतासारखी लाल लघवी झाली होती. दुखलं काही नाही आणि दुसऱ्या दिवशी स्वच्छ. "उष्णता झाली असंल म्हणून सब्जा घेतला, थांबलं. आता काय बी त्रास न्हाई," असं ते म्हणाले. आलेही मुलीने आग्रह केला म्हणून.

दोघांचंही रक्तच. पण काळजी मला काकांची जास्त वाटली.

खडा मूत्रवाहिनीत अडकला की वरची लघवी तुंबते. त्यामुळे नळी आणि किडनी ताणली जाते, आणि तो ताण म्हणजेच ती कळ. खडा अस्तर खरवडतो म्हणून रक्त येतं. इथे दुखणं स्वतःच माणसाला दवाखान्यात आणतं. जळजळ, वारंवार लघवी, ताप असेल तर जंतुसंसर्गाचा संशय येतो. तिथेही कारण शोधायला धागा हातात असतो.

न दुखता आलेल्या रक्ताला असा धागा नसतो. मूत्राशयाच्या गाठी बऱ्याचदा आतल्या अस्तरावर फुलकोबीच्या तुऱ्यासारख्या बारीक देठावर वाढतात. त्यांच्या रक्तवाहिन्या नाजूक असतात. मूत्राशय आकसताना एखादा तुरा घासला की वाहिनी फुटते आणि लघवी लाल होते. मग तिथे रक्त गोठतं, तोंड बंद होतं, लघवी पुन्हा पिवळी. गाठ मात्र जागच्या जागीच असते. ती लघवीची वाट अडवत नाही, स्नायूत शिरलेली नसते, म्हणून दुखत नाही. पुढचं रक्त आठवड्यानेही येईल किंवा सहा महिन्यांनी.

म्हणूनच सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी, अगदी अँटिबायोटिकचा कोर्ससुद्धा "लागू पडतो". रक्त आपोआप थांबणारच होतं, श्रेय शेवटी घेतलेल्या औषधाला जातं. बायकांच्या बाबतीत हे फार घडतं. कल्चर न करताच दरवेळी संसर्गाच्या गोळ्या दिल्या जातात, किंवा रक्त पाळीचं असेल म्हणून सोडून दिलं जातं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्या तरी तपासणी टळत नाही. गोळी रक्तस्राव वाढवते, पण बहुतेकदा आत काहीतरी असल्याखेरीज डोळ्यांना दिसेल असं रक्त येत नाही.

सगळ्यांनाच कॅन्सर निघतो असं अजिबात नाही. पन्नाशीपुढच्या अशा दहा जणांत साधारण एक-दोघांना निघतो. बाकीच्यांत वाढलेलं प्रोस्टेट, न दुखणारा खडा, किडनीचा आजार निघतो, आणि काहींत काहीच सापडत नाही. बीट खाऊनही लघवी लालसर होते, टीबीच्या एका गोळीने केशरी होते. ते लघवीच्या साध्या तपासणीत कळतं, कारण त्यात रक्तपेशी दिसत नाहीत. फक्त ही तपासणी लाल असतानाच करायला हवी. आठवड्यानंतरचा स्वच्छ रिपोर्ट त्या दिवशी काय झालं ते सांगू शकत नाही. त्यामुळे लाल लघवी दिसली की मोबाईलवर फोटो काढून ठेवा. संपूर्ण धार लाल होती की फक्त शेवटी, गुठळ्या होत्या का, तेही लक्षात ठेवा. गुठळ्यांनी लघवीच अडली तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

काकांची सोनोग्राफी आधी बाहेर झाली होती आणि रिपोर्ट नॉर्मल होता. मी विचारलं, तेव्हा लघवी भरलेली होती का? "न्हाई, आत्ताच जाऊन आलो हुतो." रिकाम्या मूत्राशयात भिंती एकमेकींना चिकटतात, आणि छोटी गाठ त्या घडीत लपते. चपटी गाठ तर भरलेल्या मूत्राशयातही सोनोग्राफीत सुटू शकते. शिवाय काका तीस वर्षं विडी ओढत होते. तंबाखूच्या धुरातली रसायनं रक्तातून किडनीत गाळली जातात आणि तासन्‌तास मूत्राशयात साठून राहतात.

किडनी आणि नळ्यांसाठी सीटी स्कॅन केला, आणि मूत्राशय आतून बघायला दुर्बीण घातली. बधिर करणारी जेली लावून बारीक लवचिक दुर्बिणीने हे पाच-दहा मिनिटांत होतं. नंतर एक-दोन दिवस थोडी जळजळ राहते. डाव्या भिंतीवर दीड सेंटिमीटरची तुऱ्यासारखी गाठ दिसली. ती लघवीच्या वाटेनेच, पोटावर चिरा न देता, खरवडून काढली. बायोप्सीत कॅन्सर निघाला, पण स्नायूपर्यंत पोचलेला नव्हता. अशा गाठी पुन्हा उगवतात, म्हणून काकांना तीन महिन्यांनी परत दुर्बिणीसाठी बोलावलं आहे. ट्रॅक्टरवाल्याचा खडा दहाव्या दिवशी आपोआप पडला.